मोटार डेल्टाला जात नाही, किंवा जाताना उडते : दोष टायमरात, कॉन्टॅक्टरात की वायंडिंगमध्ये?

कृष्णाकाठच्या पंपांवर स्टार्टर दुरुस्तीला गेलो की दहातल्या सहा-सात पेट्यांत एकच दृश्य दिसतं. टायमर नवा कोरा, त्याचा काटा पार शेवटपर्यंत फिरवलेला, आणि दोष होता तिथेच. मोटार स्टारमध्ये अडकली की टायमर बदलायचा, बदलताना उडाली की वेळ वाढवायची, ही सवय इतकी पक्की झाली आहे की पुढचं कुणी बघतच नाही. दोनदा टायमर बदलूनही जमलं नाही की मग मोटार वायंडिंगला जाते. कधी त्या मोटारीत काही बिघडलेलंच नसतं.

हा लेख २० एचपीच्या, ४१५ व्होल्टच्या नदीवरच्या मोनोब्लॉक पंपाला धरून लिहितो आहे. स्टार्टर पूर्ण ऑटोमॅटिक स्टार-डेल्टा, तीन कॉन्टॅक्टरचा. नामपट्टीवर करंट २८ अँपिअर. तुमची मोटार १५ ची असो वा ३० ची, क्रम हाच राहील, आकडे तेवढे नामपट्टीवरून घ्या.

## आधी तयारी

क्लॅम्प मीटर (आपल्याकडे टाँग टेस्टर म्हणतात), साधा मल्टिमीटर, ५०० व्होल्टचा मेगर, २४० व्होल्टचे एकाच वॉटचे दोन बल्ब सिरीजमध्ये जोडलेला टेस्ट लॅम्प, इन्सुलेशन टेप आणि खूणचिठ्ठ्या एवढं जवळ ठेवा. एकच बल्ब दोन फेजवर लावाल तर तो हातातच फुटेल, म्हणून दोन. ट्रॅक्टरची बॅटरी आणि हेडलाइटचा बल्ब पुढे वायंडिंग तपासायला लागेल.

मेन स्विच पाडा आणि फ्यूज काढून स्वतःच्या खिशात ठेवा. नदीवरची मोटार आणि स्टार्टर एका जागी नसतात. तुम्ही खाली मोटारीपाशी असताना वर कोणीतरी "लाईट आली का बघू" म्हणून स्विच टाकतो. पेटीत ऑटो स्विच असेल तर तो आधी बंद करा, नाहीतर तुमचा हात आत असताना मोटार आपोआप सुरू होईल. कपॅसिटर असेल तर दोन मिनिटं थांबा, मीटरने व्होल्टेज उतरल्याची खात्री करा, मगच त्याला हात लावा आणि त्याच्या तारा काढा. हा कपॅसिटर स्टार्टरच्या इनकमिंगला जोडलेला हवा. तो मोटारीच्या तारांवर जोडलेला दिसला तर तिथून हलवा, कारण स्टार सुटून डेल्टा लागेपर्यंतच्या क्षणात तो फिरत्या मोटारीला चेतवून वायंडिंगवर जादा व्होल्टेज आणू शकतो.

ताकीद : मीटरच्या आधीची तार, पोल आणि डीपी हे महावितरणचं काम आहे. एक फेज डीपीवरूनच येत नसेल तर तक्रार नोंदवा, काठी घेऊन जाऊ नका.

## टप्पा १ : नेमकं काय घडतं ते डोळ्यांनी बघा

पेटी न उघडता निदान करणाऱ्यांचं इथेच चुकतं. फ्यूज परत लावा, झाकण उघडं ठेवून हात लांब ठेवा, इनकमिंगच्या एका फेजवर टाँग टेस्टर अडकवा आणि मोटार एकदाच सुरू करा. मेन आणि स्टार हे दोन कॉन्टॅक्टर ओढले जातील. वेळ झाली की स्टार सुटेल, टक्क आवाज होईल आणि डेल्टा ओढला जाईल. बिघडलेल्या स्टार्टरमध्ये या जागी चारपैकी एक गोष्ट घडते.

पहिली, स्टार सुटतच नाही. मोटार दबक्या आवाजात चालत राहते, पाणी कमी पडतं. खरं स्टारमध्ये अडकणं ते हेच.

दुसरी, स्टार सुटतो, मोटारीचा आवाज उतरत जातो आणि ती थांबते, पण मेन कॉन्टॅक्टर ओढलेलाच असतो. टाँग टेस्टरवर शून्य. लोक यालाही "स्टारमध्ये अडकते" म्हणतात, पण दोष अगदी वेगळा आहे. यात डेल्टा कॉन्टॅक्टर ओढला की नाही, हे नक्की लक्षात ठेवा.

तिसरी, डेल्टा लागता क्षणी दणका बसतो आणि फ्यूज किंवा ब्रेकर जातो.

चौथी, डेल्टा लागतो, मोटार कण्हत चालते आणि काही सेकंदांनी किंवा मिनिटांनी ओव्हरलोड रिले उडतो.

तपासा : चौघांपैकी कोणतं, ते वहीत लिहा. शून्य, कमी की खूप, हा करंटचा आकडाही लिहा. फ्यूज गेले असतील तर कुठले गेले आणि कुठला शाबूत राहिला तेही लिहा. पुढे सगळं यावरच चालणार आहे. दणका देणारी मोटार "परत एकदा बघू" म्हणून पुन्हा सुरू करू नका.

## टप्पा २ : स्टार्टर मोकळा चालवा

पूर्ण कामात मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी पायरी ही आहे, आणि हीच कोणी करत नाही.

फ्यूज काढा. स्टार्टरमधून मोटारीकडे जाणाऱ्या सहाही तारांना चिठ्ठ्या लावा. मेन कॉन्टॅक्टरखालून (रिलेमधून) जाणाऱ्या तीन तारा म्हणजे वायंडिंगची सुरुवात : यू१, व्ही१, डब्ल्यू१. डेल्टा कॉन्टॅक्टरखालून जाणाऱ्या तीन म्हणजे शेवट : यू२, व्ही२, डब्ल्यू२. जुन्या मोटारींवर याच जागी ए, बी, सी अशी अक्षरं असतात. प्रत्येक चिठ्ठीवर कॉन्टॅक्टर आणि पोलचा नंबर लिहा, "डेल्टा, पोल २" असा. मग सहा तारा सोडवून प्रत्येकीच्या टोकाला टेप गुंडाळा, फ्यूज लावा आणि स्टार्टर सुरू करा.

मोटार नसली तरी कंट्रोल सर्किट चालतं. मेन आणि स्टार ओढले गेले पाहिजेत. वेळ झाल्यावर स्टार पूर्ण सुटला पाहिजे, पापणी लवण्याइतका विराम झाला पाहिजे आणि मग डेल्टा ओढला गेला पाहिजे. पाच-सहा वेळा करून बघा, मध्ये अर्धा-एक मिनिट थांबा. करंट मोजणारा प्रिव्हेंटर असेल तर तो "मोटार नाही" समजून स्टार्टर पाडेल. तो कशाने पडला हे लक्षात ठेवा, स्टार्टरचा दोष धरू नका.

मोकळा स्टार्टर पाचही वेळा बरोबर बदलला, तर टायमर आणि इंटरलॉक यांना सोडा. दोष तारांच्या क्रमात, व्होल्टेजमध्ये, लोडमध्ये किंवा वायंडिंगमध्ये आहे. थेट टप्पा ५ वर जा. मोकळा असतानाही अडला, तर मोटारीला हात लावायचं कारण नाही, टप्पा ३ आणि ४ पुरे आहेत.

ताकीद : या चाचणीत मोटार नसली तरी पेटीत ४१५ व्होल्ट जिवंत आहे. आपल्या शेतीच्या बहुतेक स्टार्टरांची कॉइल दोन फेजवर चालते, त्यामुळे कंट्रोलच्या बारीक तारेतही तितकंच व्होल्टेज असतं. ती बारीक दिसते म्हणून हात लावू नका.

## टप्पा ३ : टायमर वाचा

टायमर दोनच कामं करतो. वेळ झाली की स्टारच्या कॉइलची वाट तोडतो, आणि थोड्या विरामानंतर डेल्टाच्या कॉइलची वाट जोडतो. ही दोन कामं तो करतो का, एवढंच बघायचं.

इलेक्ट्रॉनिक टायमरवर सहसा दिवे असतात. सप्लायचा दिवा लागलाच नाही तर टायमरला लाईट पोहोचत नाही. अशा वेळी त्याच्या सप्लायच्या दोन टर्मिनलांवर व्होल्टेज मोजा आणि टायमरवर छापलेल्या व्होल्टेजशी ताडून बघा. २४० चा टायमर ४१५ वर लावून जाळलेला मी अनेकदा काढला आहे, आणि ४१५ चा २४० वर लावला की तो झोपूनच राहतो.

आणखी एक फरक दुकानात सांगत नाहीत. खास स्टार-डेल्टाच्या टायमरवर १७, १८ आणि २८ असे आकडे असतात. १७-१८ स्टारचा, १७-२८ डेल्टाचा, आणि दोघांच्या मध्ये विराम ठेवलेला असतो. साध्या ऑन-डिले टायमरवर १५, १६, १८ असतात. त्यात एकच जीभ इकडून तिकडे उडते, ठरवून ठेवलेला विराम नसतो. बदली म्हणून साधा टायमर बसवला की स्टारच्या संपर्कांमधला आर्क विझायच्या आत डेल्टा लागू शकतो. नव्या टायमरनंतरच दणके सुरू झाले असतील तर आधी हे आकडे बघा.

जुन्या स्टार्टरात तापणाऱ्या पट्टीचा टायमर असतो. तो एकदा काम करून गेला की थंड व्हायला वेळ घेतो. लाईट मिनिटभर जाऊन परत आली आणि ऑटो स्विचने मोटार लगेच उचलली, तर पट्टी अजून गरमच असते आणि आठ सेकंदांची वेळ तीन-चारवर येते. मोटारीने वेग घेतलेला नसतानाच बदल होतो आणि रिले उडतो. "दिवसभर नीट चालते, लाईट लपकली की उडते" अशी तक्रार असेल तर हे डोक्यात ठेवा. उपाय म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्टार-डेल्टा टायमर. तोपर्यंत लाईट आल्यावर दोन-तीन मिनिटं थांबून मोटार सुरू करा.

## टप्पा ४ : कॉन्टॅक्टर आणि इंटरलॉक

इंटरलॉकचा अर्थ सोपा आहे. डेल्टाच्या कॉइलची वाट स्टार कॉन्टॅक्टरवरच्या एनसी संपर्कातून जाते आणि स्टारच्या कॉइलची वाट डेल्टावरच्या एनसीमधून. एक ओढलेला असेल तर दुसऱ्याला लाईटच मिळत नाही. दोघे एकदम ओढले गेले तर तिन्ही फेज स्टारच्या पट्टीवर थेट एकमेकांना भिडतील. फेज-फेज शॉर्ट तो हाच.

आता तुम्ही लिहून ठेवलेल्या चित्राकडे या.

स्टार सुटत नसेल तर टायमरची वेळ झाल्यावर स्टारच्या कॉइलवर, म्हणजे ए१-ए२ वर, व्होल्टेज मोजा. व्होल्टेज अजून येतंय, तर टायमरचा संपर्क चिकटला आहे किंवा वायरिंग टायमरला वळसा घालून गेलं आहे. व्होल्टेज शून्य झालं तरी कॉन्टॅक्टर ओढलेलाच आहे, तर दोष कॉन्टॅक्टरात आहे. लाईट पूर्ण बंद करून तो हाताने सुटतो का बघा. मुख्य संपर्क वितळून जोडले गेले असतील तर तो मोकळा होणार नाही. मोकळा होत असेल तर चुंबकाचे तोंड बघा. २०१९ च्या पुरात बुडालेल्या किती तरी पेट्या धुऊन-वाळवून परत लावल्या गेल्या, आणि त्यांच्या चुंबकाच्या तोंडावर गंज आणि गाळाचा चिकट थर राहिला होता. तोंड कोरड्या फडक्याने साफ करा. कानशीने घासू नका, आणि तेल-ग्रीस अजिबात लावू नका. बाहेरच्या दोन तोंडांवर छोटी तांब्याची कडी असते, ती तुटलेली असेल तर कॉन्टॅक्टर घरघरत राहील.

स्टार सुटला पण डेल्टा ओढला गेला नाही तर डेल्टाच्या ए१-ए२ वर व्होल्टेज मोजा. पूर्ण येतंय आणि तरी ओढत नाही, म्हणजे कॉइल तुटली आहे किंवा मेकॅनिकल इंटरलॉकची पट्टी अडकली आहे. बहुतेक स्टार्टरांत मेन आणि डेल्टा एकाच मापाचे असतात, म्हणून लाईट बंद करून दोघांच्या कॉइलचा रेझिस्टन्स ताडून बघता येतो. व्होल्टेज येतच नसेल तर कॉइलपासून उलटं मागे जा. स्टारच्या एनसी संपर्काच्या दोन टोकांत मीटर धरा. स्टार सुटलेला असताना तिथे जवळपास शून्य दिसायला हवं. तिथेच ४१५ दिसले तर तो संपर्क जोडला जात नाही, आणि दोष सापडला. नदीकाठच्या पेट्यांत याचं कारण बहुधा मुंग्यांचं वारूळ, धूळ किंवा संपर्कात चिरडलेली पाल असते. संपर्काचा ठोकळा बदला. नवा लगेच मिळत नसेल तर साफ करून आठवड्याभराचं काम भागतं, त्याहून जास्त भरवसा धरू नका.

ताकीद : "तात्पुरतं" म्हणून हा एनसी तारेने जोडून मोटार डेल्टाला नेणारे कारागीर आहेत. त्या पेटीत ज्या दिवशी स्टारचा संपर्क चिकटेल, त्या दिवशी तीन फेजचा शॉर्ट समोर उभ्या असलेल्या माणसाच्या तोंडावर फुटेल. मोटार चार दिवस बंद राहिली तरी चालेल, इंटरलॉक शॉर्ट करू नका.

## टप्पा ५ : तारांचा क्रम, आणि वायंडिंग करून आल्यावर सुरू होणारा दणका

मोकळा स्टार्टर नीट बदलतो, पण मोटार जोडली की दणका बसतो, असं असेल तर आधी सहा तारांचा क्रम तपासा. मोटार नुकतीच वायंडिंग करून आली असेल किंवा पुरात काढून परत जोडली असेल तर नक्कीच.

स्टारमध्ये यू२, व्ही२, डब्ल्यू२ या तिन्ही तारा एकत्रच जोडल्या जातात. त्यामुळे त्यांची आपसात अदलाबदल झाली तरी मोटार स्टारमध्ये अगदी सुरळीत उचलते. चूक डेल्टालाच उघडी पडते. योग्य जोडणीत एका वायंडिंगची दोन टोकं दोन वेगळ्या फेजवर असतात. पहिल्या फेजवर यू१ आणि व्ही२, दुसऱ्यावर व्ही१ आणि डब्ल्यू२, तिसऱ्यावर डब्ल्यू१ आणि यू२.

आता समजा व्ही२ आणि डब्ल्यू२ बदलल्या गेल्या. मधल्या वायंडिंगची दोन्ही टोकं दुसऱ्या फेजवर आली, तिला व्होल्टेज शून्य. उरलेल्या दोन्ही वायंडिंग पहिल्या आणि तिसऱ्या फेजमध्येच अडकल्या. तीन फेजची मोटार एका क्षणात एकाच जोडीवर लोंबकळते, गुरगुरते आणि प्रचंड करंट ओढते. दुसऱ्या फेजमधून बाहेरून काहीच करंट येत नाही, म्हणून दोन फ्यूज जातात आणि मधला शाबूत राहतो. तिन्ही तारा आपापल्याच फेजवर आल्या तर तिन्ही वायंडिंगना शून्य व्होल्टेज मिळतं. दणका नाही, काही नाही, डेल्टा ओढलेला असताना मोटार हळूहळू थांबते. टप्पा १ मधलं दुसरं चित्र आठवा. डेल्टा ओढलेला असूनही मोटार थांबली, तर दोष इथे आहे, टायमरात नाही.

मोटार न चालवता हे पाच मिनिटांत तपासता येतं. फ्यूज काढलेले, कपॅसिटर सुटलेला, मोटारीच्या सहा तारा जोडलेल्या आणि कुठलाच कॉन्टॅक्टर ओढलेला नाही, अशी स्थिती ठेवा. मेन आणि डेल्टाच्या वरच्या बाजूला एकाच नंबरच्या पोलांवर एकच फेज आहे याची मीटरने खात्री करा. काही कंपन्या अदलाबदल वरच्याच बाजूला करून देतात. तसं असेल तर खाली पोलच्या नंबराऐवजी फेज धरून चला. मग मेनच्या खालच्या पोल १ आणि डेल्टाच्या खालच्या पोल १ मध्ये कंटिन्युइटी बघा, तसंच २-२ आणि ३-३ मध्ये. तिन्ही जागी मीटरने काहीच दाखवू नये. एकाही जागी बीप आला तर ती वायंडिंग स्वतःच्याच फेजवर शॉर्ट होणार आहे. मोटार स्टारमध्ये नीट उचलत असेल आणि तिन्ही मोकळ्या निघाल्या, तर क्रमामुळे कुठलीच वायंडिंग शॉर्ट होणार नाही याची खात्री धरा.

तिन्ही मोकळ्या निघण्याचे दोन क्रम आहेत आणि दोन्हींत मोटार एकाच दिशेला फिरते. पण वर सांगितलेला क्रम बदलाच्या क्षणी कमी झटका देतो, कारण सुटलेल्या क्षणात मोटारीचं चुंबकत्व मागे पडत असतं आणि या क्रमात नवं व्होल्टेजही त्याच बाजूला मागे असतं. हे फेजचा क्रम सरळ १-२-३ असेल तेव्हाचं. फिरण्याची दिशा बदलायला इनकमिंगच्या दोन तारा उलटवल्या असतील तर दुसरा क्रम हलका पडतो. सगळं नीट असूनही ब्रेकर अधूनमधूनच जात असेल तर हे करून बघा.

पलूस तालुक्यातल्या एका मळ्यावर नेमकी हीच गोष्ट झाली. उसाला पाण्याची पाळी आलेली, २० एचपीची मोटार वायंडिंग करून दोन दिवसांपूर्वी बसवलेली. स्टारमध्ये सुरेख उचलायची, आठ सेकंदांनी दणका. आधीच्या माणसाने टायमर बदलला, मग वेळ आठवरून पंचवीसवर नेली. दणका पंचवीस सेकंदांनी बसू लागला. फ्यूज सारखे जातात म्हणून किटकॅटमध्ये जाड तार घातली, तर ब्रेकर जाऊ लागला. मालक म्हणाले, "पुन्हा मोटार काढावी लागणार का? निम्मा ऊस वाळतोय." मी आधी विचारलं, पहिल्यांदा कुठले फ्यूज गेले? "कडेचे दोन. मधला जायचाच नाही." मोकळा स्टार्टर पाच वेळा स्वच्छ बदलला. कंटिन्युइटीत १-१ मोकळं, ३-३ मोकळं, २-२ ला बीप. वायंडिंगवाल्याने बाहेर काढलेल्या तारांना खुणा नव्हत्या आणि जोडणाऱ्याने अंदाजाने जोडलं होतं. डेल्टाखालच्या पोल १ आणि २ च्या तारा आपसात बदलल्या. पुन्हा तिन्ही जागी मीटर गप्प. किटकॅटमधली जाड तार काढून योग्य फ्यूज घातला, टायमर परत खाली आणला. मोटार डेल्टाला गेली, तिन्ही फेजवर २५ ते २६ अँपिअर.

## टप्पा ६ : वायंडिंग तपासा

क्रम बरोबर असूनही दणका किंवा कण्हणं चालू असेल तर सहा तारा स्टार्टरपाशी पुन्हा सोडवा. स्टार्टरपाशी एवढ्यासाठी, की केबल आणि तिचे जोडही चाचणीत यावेत. नदीवर खरा दोष कित्येकदा केबलच्या जोडात असतो.

आधी मेगर. प्रत्येक वायंडिंग आणि बॉडी, मग एकेक वायंडिंग एकमेकींत. ही दुसरी चाचणी लोक सोडतात. सहा तारा वेगळ्या केल्याशिवाय ती होतच नाही, आणि डेल्टाला उडणाऱ्या मोटारीत तीच मोलाची आहे. स्टारमध्ये एका वायंडिंगवर २४० व्होल्ट पडतात, डेल्टात पूर्ण ४१५. कमजोर इन्सुलेशन २४० ला तग धरतं आणि ४१५ ला फुटतं. १ मेगओहमच्या खाली आली तर मोटार सुरू करू नका. चांगल्या कोरड्या मोटारीत आकडा याच्या कितीतरी पट वर असतो. ओल असेल तर वाळवून पुन्हा मोजा. मोजून झाल्यावर वायंडिंग बॉडीला टेकवून रिकामी करा.

मग तिन्ही वायंडिंगचा रेझिस्टन्स. इतक्या मोठ्या मोटारीत तो एक ओहमच्या आसपास किंवा कमी असतो, आणि साध्या मल्टिमीटरच्या वायरींचाच रेझिस्टन्स त्याला झाकून टाकतो. म्हणून मी बॅटरी वापरतो. तिन्ही वायंडिंग एकामागे एक जोडा (यू२ ला व्ही१, व्ही२ ला डब्ल्यू१), त्यांच्याच ओळीत हेडलाइटचा बल्ब जोडा आणि वर १२ व्होल्टची बॅटरी लावा. तिघींतून करंट एकच वाहतो, म्हणून प्रत्येकीच्या दोन टोकांतलं डीसी व्होल्टेज मोजलं की पुरे. आकडा किती यापेक्षा तिन्ही सारखे आहेत का, हे महत्त्वाचं. पाच टक्क्यांहून जास्त फरक असेल आणि कमी आकड्याची वायंडिंग एकच असेल तर तिचे वेढे आपसात शॉर्ट आहेत. एकीचा आकडा जास्त असेल तर आधी केबलचा जोड आणि लग बघा, मोटार नंतर. अगदी थोडे वेढे शॉर्ट असतील तर ते या चाचणीत लपू शकतात. तेव्हा टप्पा ७ मधला करंटच खरं सांगेल.

ताकीद : बॅटरी सोडवताना मीटर आधी काढा आणि उघड्या टोकांना हात लावू नका. वायंडिंग सोडताना जोरात ठिणगी आणि झटका देते.

## टप्पा ७ : रिले, वेळ आणि व्होल्टेज

चौथ्या चित्राचं उत्तर बहुतेकदा इथे सापडतं.

रिले कुठे बसवला आहे ते बघा. मेन कॉन्टॅक्टरखाली यू१, व्ही१, डब्ल्यू१ च्या तारांवर असेल (आपल्याकडे बहुधा तसाच असतो) तर त्यातून पूर्ण २८ अँपिअर जातच नाहीत. वायंडिंगचा वाटा जातो, ०.५८ ने गुणून सुमारे १६. रिले १६ वर ठेवायचा. इनकमिंगला असेल तरच २८. मेनखालचा रिले २८ वर ठेवलेला मला जवळजवळ दर आठवड्याला दिसतो, आणि स्टारमध्ये अडकून जळालेल्या मोटारींचं मोठं कारण हेच. स्टारमध्ये पूर्ण लोड ओढायला गेली की १६ अँपिअरच्या वायंडिंगमधून २८ च्या आसपास किंवा जास्त करंट वाहतो. १६ वर ठेवलेला रिले काही मिनिटांत तिला तोडतो. २८ वर ठेवलेला शांत बसून राहतो आणि मोटार आतून भाजत जाते.

टायमरची वेळ टाँग टेस्टर बघून ठरवा. डिलिव्हरी व्हॉल्व्ह बंद करून मोटार सुरू करा. स्टारमध्ये करंट आधी साधारण पन्नास-साठ अँपिअरवर जाईल, काही सेकंद तिथेच रेंगाळेल, मग झपकन उतरून एका आकड्यावर स्थिरावेल. स्थिरावल्यानंतर एक-दोन सेकंदांनी बदल व्हावा. या मापाच्या पंपाला सहसा पाच ते आठ सेकंद पुरतात. बारा-पंधरा सेकंदांतही करंट उतरत नसेल तर वेळ वाढवू नका, मोटारीला वेगच घेता येत नाही आहे. कारण दोनांपैकी एक असतं. पंप जड फिरतोय, किंवा व्होल्टेज कमी आहे.

व्होल्टेज बदलाच्या क्षणी मोजा, मोटार बंद असताना नाही. स्टारमध्ये जोर मुळातच एक तृतीयांश असतो. ४१५ ऐवजी ३५० व्होल्ट आले तर तो आणखी घटून पूर्ण जोराच्या चोवीस टक्क्यांवर येतो. मोटार अर्धवट वेगावर असताना डेल्टा लागला की करंट जवळजवळ थेट जोडल्यासारखा उसळतो. त्याने व्होल्टेज आणखी पडतं आणि कॉन्टॅक्टर फडफडतात. ४१५ च्या कॉइलची ओढण्याची हमी ८५ टक्क्यांपर्यंत, म्हणजे सुमारे ३५३ व्होल्टपर्यंतच असते. एकाच डीपीवरच्या साऱ्या मोटारी लाईट येताच ऑटोवर एकदम उठत असतील तर तुमच्या पेटीत काही बिघडलेलं नसतानाही हे घडेल. शेजाऱ्यांशी बोलून प्रत्येकाचा सुरू होण्याचा वेळ काही मिनिटांनी पुढे-मागे ठेवा. डिले असलेला ऑटो स्विच मिळतो.

शेवटचं मोजमाप डेल्टात, डिलिव्हरी व्हॉल्व्ह हळूहळू उघडून, लोडवर. आधी इनकमिंगच्या तिन्ही फेजवर करंट बघा. मग मोटारीकडे जाणाऱ्या सहाही तारांवर बघा. इनकमिंगला २६ असतील तर सहाही तारांवर पंधराच्या आसपास यायला हवेत. इनकमिंगच्या एका फेजवर बाकी दोघींच्या पावणेदोन पट करंट आणि सहापैकी एका जोडीत शून्य दिसलं, तर ती वायंडिंग डेल्टात जोडलीच जात नाही. स्टार नीट असेल तर दोष डेल्टा कॉन्टॅक्टरच्या त्या पोलात आहे, संपर्क झिजलेला किंवा स्क्रू ढिला. मोटार उरलेल्या दोन वायंडिंगवर कण्हत चालली होती. संपर्क बदला, स्क्रू आवळा आणि सहाही तारा पुन्हा मोजा. सहाही आकडे जवळपास सारखे आले की झाकण लावा आणि ऑटो स्विच चालू करा.